आभाराच्या पत्रात काय लिहायचं?

शेतकरी उत्पादक कंपनीचा नोंदणी दाखला हातात आला, की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘कृषी अधिकारी साहेबांना एक पत्र दिलं पाहिजे.’ सगळे माना डोलावतात. मग झेरॉक्सच्या दुकानात पत्र टाईप होतं : ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे आमची कंपनी स्थापन झाली. त्याबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी राहू.’ खाली सह्या, शिक्का. पत्र दिलं जातं, फोटो निघतो, कागद फाइलला लागतो. त्यात साहेबांनी नेमकं काय केलं ते कुठंच नसतं. वरिष्ठांना त्यातून काही कळत नाही, कंपनीत उद्या येणाऱ्या नव्या संचालकालाही नाही.

चांगलं आभारपत्र लिहायचं तर काम कुठं अडलं होतं आणि ते कुणाच्या कोणत्या सल्ल्यानं सुटलं, हे सांगावं लागतं. त्यासाठी आधी नोंदणीत कृषी अधिकाऱ्याचा वाटा नेमका कुठं येतो, ते समजून घ्यायला हवं.

शिक्का त्यांचा नसतो

गावात सर्रास बोललं जातं, ‘साहेबांनी कंपनी काढून दिली.’ ते खरं नाही. सहकारी संस्था सहकार खात्याकडे नोंदवतात, उत्पादक कंपनी मात्र कंपनी कायद्याखाली येते. अर्थतज्ज्ञ डॉ. वाय. के. अलघ यांच्या समितीनं शिफारस केल्यावर 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा प्रकार आला. आता त्याची कलमं 2013 च्या कंपनी कायद्यात, 2020 च्या दुरुस्तीनं घातलेल्या स्वतंत्र प्रकरणात आहेत. मालकी शेतकऱ्यांची, पण कागद कंपनीचे, अशी ही रचना आहे. किमान दहा उत्पादक एकत्र आले तर कंपनी काढता येते. संचालक किमान पाच, जास्तीत जास्त पंधरा. कुणाकडे कितीही भाग असोत, व्यक्ती सभासदाला मत एकच.

अर्ज केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर SPICe+ नावाच्या फॉर्ममधून जातो. तो भरतो सीए किंवा कंपनी सेक्रेटरी, तपासतं आणि मंजूर करतं केंद्रीय नोंदणी कार्यालय. या साखळीत कृषी खात्याची सही कुठंही लागत नाही. म्हणून ‘आपण आमची कंपनी नोंदवून दिलीत’ असं पत्रात लिहिलं, तर ज्या अधिकाराचे आभार मानले तो त्या अधिकाऱ्याकडे नव्हताच.

मग त्यांनी केलं काय? गावातल्या दहा माणसांच्या पिशवीतले कागद आणि सीएच्या संगणकावरचा तो फॉर्म यांच्यात मोठं अंतर असतं. ते कापायला मदत केली, हे त्यांचं काम. आभार त्याचे.

दहा माणसं, दहा पिशव्या

नमुना म्हणून हिंगोली जिल्ह्यातला हळद पिकवणारा एक गट धरू. प्रसंग कल्पित आहे, पण अडचणी कुठल्याही तालुक्यात भेटतील अशाच आहेत. दहा प्रवर्तक ठरले, त्यातले पाच संचालक, त्या पाचांत दोन महिला. सगळ्यांनी कागद आणले : आधार, पॅन, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, फोटो. मंडळ कृषी अधिकारी बैठकीला होते. सगळे कागद सतरंजीवर पसरून, एकेकाचं नाव तीन ठिकाणी कसं लिहिलंय ते वाचून दाखवायला त्यांनी सांगितलं. अर्ध्या तासात तीन घोळ निघाले.

पहिला घोळ पॅनचा. एका संचालकाचं नाव आधारवर ‘बाळासाहेब’ आणि पॅनवर ‘बाळू’. गावात दोन्ही हाकांना तोच माणूस वळतो. पण संचालकाला डिजिटल सही काढावी लागते आणि ती काढताना पॅन आणि आधार जुळावे लागतात. इथं प्रतिज्ञापत्र चालत नाही, पॅनच दुरुस्त करून घ्यावं लागतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असेल तर ओटीपी येत नाही, म्हणून तोही आधीच बदलून घ्यायचा.

दुसरा घोळ एका महिला संचालकाच्या सातबाऱ्याचा. जमीन माहेरची, वडिलांकडून वाट्याला आलेली. त्यामुळं सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सभासद हा उत्पादक आहे याचा पुरावा अर्जासोबत लागतो आणि त्यासाठी सहसा तहसील कार्यालयातून शेतकरी असल्याचा दाखला घेतात. इथं पॅन-आधार जुळत होतं, ते बदलायची गरज नव्हती. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला जोडून तहसीलकडे अर्ज करायचा होता. ‘नाव जुळत नाही’ ही तक्रार वरून एकच दिसते, पण उपाय दोन आणि कचेऱ्याही दोन. हा फरक ज्यांना कळत नाही ते सातबारा बदलण्याच्या नादी लागतात आणि महिनोन्महिने तलाठ्याकडे चकरा मारतात. काही गटांत तर ‘जाऊ द्या, वहिनींऐवजी दादांचं नाव घालू’ असं होतं आणि बाईचं संचालकपद कागदावर यायच्या आधीच जातं.

खरं तर कायद्यातली ‘उत्पादक’ची व्याख्या सातबाऱ्यापेक्षा बरीच रुंद आहे. प्राथमिक उत्पादनाशी निगडित काम करणारी कुणीही व्यक्ती त्यात बसते. पशुपालन, मत्स्यपालन, मधमाशीपालन, वनोपज, हातमाग हे सगळं त्यात आहे. त्यामुळं नावावर गुंठाभर जमीन नसलेली, पण चार शेळ्या सांभाळणारी बाईही कायद्याच्या नजरेत उत्पादक आहे. प्रश्न उरतो तो कागदी पुराव्याचा. तो कोणता आणि कुठून घ्यायचा, हे सांगणारा माणूस तालुक्याला असावा लागतो.

तिसरा घोळ सगळ्यांत मजेशीर. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयासाठी जागेचा पुरावा लागतो : दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं लाईट बिल किंवा तसंच काही, आणि जागामालकाचं ना हरकत पत्र. अध्यक्षांच्या घरातली पुढची खोली द्यायची ठरली. पण लाईट बिल आजोबांच्या नावावर आणि आजोबा वारलेले. मीटर नावावर करून घ्यायचा तर वारसांच्या सह्या आल्या आणि वारसांत पुण्याला राहणारे काकाही आले. अधिकाऱ्यांनी सुचवलं, की अध्यक्षांच्याच घरात कार्यालय हवं असं कायदा म्हणत नाही. ज्या प्रवर्तकाच्या स्वतःच्या नावावर मीटर आहे त्याची खोली घ्या, त्यानं ना हरकत द्यावी, पुढं पत्ता बदलता येतो. एका वाक्यात दोन महिन्यांचं काम वाचलं.

नाव आधी की कागद आधी?

गटाला सगळ्यांत मोठी हौस असते ती नाव ठेवण्याची. चर्चा तिथूनच सुरू होते आणि पुष्कळदा सीएला पहिला फोनही त्यासाठीच जातो. नाव आधीच्या कुठल्या कंपनीशी मिळतंजुळतं असेल तर ते नाकारलं जातं. बळीराजा, किसान, कृषी, ॲग्रो यांची जोडाजोड केलेली नावं इतकी झाली आहेत की पहिल्या फटक्यात मंजुरी मिळणं नशिबाचं. म्हणून गावाचं किंवा नदी-डोंगराचं नाव जोडलेलं बरं. शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द यायलाच हवेत.

खरी मेख पुढं आहे. नाव मंजूर झालं की ते फक्त 20 दिवस राखून ठेवलं जातं. तेवढ्यात बाकीचा अर्ज गेला नाही आणि जादा फी भरून मुदतही वाढवून घेतली नाही, तर नाव सुटतं आणि फी पुन्हा भरावी लागते. पॅनची दुरुस्ती, तहसीलचा दाखला, डिजिटल सह्या हे सगळं 20 दिवसांत उरकणं कठीण. म्हणून आमच्या नमुन्यातल्या अधिकाऱ्यांनी क्रम उलटा लावला : आधी दहाही जणांचे कागद तपासून एका फाइलीत, मग डिजिटल सह्या, आणि शेवटी नाव. कंपनीची उद्दिष्टं लिहिताना हळदीच्या जोडीला सोयाबीन, तूर, हरभरा, बियाणं, साठवणूक आणि प्रक्रियाही घालायला त्यांनी सांगितलं, कारण उद्दिष्टात नसलेला धंदा पुढं करायचा तर दुरुस्तीचा नवा खर्च येतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिली. कायद्याला दहा सभासद पुरतात, पण केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत सपाट प्रदेशातल्या संस्थेला किमान 300 सभासदांची अट होती. दाखला मिळाला म्हणजे योजना मिळाली, अशा समजुतीत राहून अनेक गटांनी कंपन्या काढल्या आणि दहावरच थांबले. नोंदणी आणि योजनेची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यानं आधी सांगितलं त्याचे आभार वेगळे मानायला हवेत.

दाखल्यानंतरचे दिवस

दाखला आला की पेढे वाटले जातात आणि कायद्याचं घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं. पहिला लेखापरीक्षक संचालक मंडळानं 30 दिवसांत नेमायचा. पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा 90 दिवसांत घ्यायची, तिची नोटीस किमान 14 दिवस आधी द्यायची. प्रवर्तकांनी भागांचे पैसे बँकेत भरल्याचं जाहीर करणारा INC-20A हा फॉर्म 180 दिवसांत दाखल करायचा. तो गेल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही.

या शेवटच्या पायरीवर आपल्याकडे हमखास चूक होते. समजा, दहा प्रवर्तकांनी 10 रुपयांचे प्रत्येकी 1,000 भाग घेतले. म्हणजे माणशी 10,000 आणि एकूण एक लाख. दहाही जण आपापली रोकड अध्यक्षांच्या हातात देतात आणि अध्यक्ष एक लाख एकदम कंपनीच्या खात्यात भरतात. बँकेच्या उताऱ्यावर दिसतं, एका माणसानं एक लाख भरले. बाकीच्या नऊ जणांनी भाग घेतल्याचा पुरावा काय, असं सीएनं विचारलं की धावपळ सुरू होते. प्रत्येकानं आपल्या खात्यातून, आपल्या नावानं, आपले 10,000 कंपनीच्या खात्यात वळते केले तर हा प्रश्नच येत नाही.

धंदा एक रुपयाचाही झाला नसला, तरी वर्षाअखेरचे हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करावंच लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये जादा फी लागते. दोन फॉर्म, शंभर दिवस, म्हणजे 20,000 रुपये. हे न ठाऊक असल्यामुळं कितीतरी कंपन्या नोंदणीनंतर दोन-तीन वर्षांत निव्वळ कागदावर उरतात. ज्या अधिकाऱ्यानं या तारखा कार्यालयाच्या भिंतीवर लावून घेतल्या, त्यानं कंपनीचं काय वाचवलं ते या हिशेबावरून कळेल.

पत्र

एवढं लक्षात घेतलं की पत्र आपोआप लिहिलं जातं. ते कंपनीच्या लेटरहेडवर असावं. कंपनी कायद्यानुसार लेटरहेडवर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, 21 अक्षर-अंकांचा कंपनी ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल असावाच लागतो. नवी कंपनी पुष्कळदा जुन्या बचत गटाच्या लेटरहेडवर पत्र देते, ते टाळावं. आभाराचा ठराव संचालक मंडळाच्या सभेत करून घेतला तर पत्र अध्यक्षांचं वैयक्तिक न राहता कंपनीचं होतं. नमुना असा :

*जावक क्रमांक : … दिनांक : …*

*प्रति,*
*मा. मंडळ कृषी अधिकारी, …*

*विषय : कंपनी नोंदणीच्या कामी मिळालेल्या मार्गदर्शनाबद्दल आभार.*
*संदर्भ : संचालक मंडळाच्या सभेतील ठराव क्रमांक …, दिनांक …*

*महोदय,*

*आमच्या कंपनीची नोंदणी दिनांक … रोजी झाली असून दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. या कामात आपण केलेल्या पुढील मदतीची नोंद घेऊन संचालक मंडळाने आपले आभार मानण्याचा ठराव केला आहे.*

*अर्ज करण्यापूर्वी आपण दहाही प्रवर्तकांची कागदपत्रे आमच्यासमोर तपासून घेतलीत. एका संचालकांच्या पॅनवरील नाव आणि एका महिला संचालकांच्या सातबाऱ्यावरील नाव यांतील फरक त्याच वेळी लक्षात आला. दोन्हींसाठी कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज करावा, हे आपण सांगितल्यामुळे दोघांचेही संचालकपद कायम राहिले. कार्यालयाच्या जागेचा पुरावा अडला असता नियमात बसणारा पर्याय आपण सुचवलात. कागद पूर्ण झाल्यावरच नावासाठी अर्ज करावा, या आपल्या सल्ल्यामुळे आमचे नाव मुदतीत राहिले.*

*नोंदणीनंतरच्या मुदतींचा तक्ता आपण करून दिलात. त्यानुसार लेखापरीक्षकांची नेमणूक आणि पहिली सर्वसाधारण सभा वेळेत झाली असून INC-20A मुदतीत दाखल झाला आहे.*

*आपल्या मंडळातील इतर गटांना आमच्या कागदपत्रांची फाइल पाहायची असल्यास ती कंपनीच्या कार्यालयात खुली आहे.*

*आपले विश्वासू,*
*अध्यक्ष, संचालक मंडळाच्या वतीने*

*प्रत माहितीसाठी : मा. तालुका कृषी अधिकारी, मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, मा. प्रकल्प संचालक, आत्मा.*

काय लिहू नये

पत्रात काय आहे, तेवढंच काय नाही हेही पाहण्यासारखं आहे. ‘साहेबांनी नियमात बसवून दिलं’, ‘तहसीलला शब्द टाकला’, ‘स्वतःच्या खिशातून फी भरली’ अशी वाक्यं कौतुकाच्या भरात सुचतात, पण त्या अधिकाऱ्याच्या विरुद्धच्या चौकशीत तीच पहिला कागद ठरू शकतात. ‘आता गोदामाचं अनुदानही आपणच मिळवून द्यावं’ ही ओळ आली की आभार संपले आणि मागणी सुरू झाली. मागणीचं पत्र वेगळं, वेगळ्या दिवशी द्यावं.

शाल, श्रीफळ आणि पाकीट यांचंही तसंच. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. भेटवस्तू घेण्यावर आणि परवानगीशिवाय मानपत्र किंवा सत्कार स्वीकारण्यावर त्यात बंधनं आहेत. पहिल्या काढणीची पाच किलो हळद प्रेमानं दिली, तरी घेणाऱ्याची अडचण होते. सत्कार करायचाच असेल तर आधी त्यांच्या कार्यालयाला विचारावं. साधं, खरं, तपशिलाचं पत्र द्यायला मात्र कुणाची आडकाठी येत नाही आणि ते त्यांच्या उपयोगी पडतं, कारण त्याची प्रत वरिष्ठांकडे गेलेली असते.

पत्र हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा कार्यालयाच्या आवक टेबलावर द्यावं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. आवक क्रमांक पडला की ते पत्र कार्यालयाच्या दप्तरात येतं. अधिकाऱ्यांची बदली झालेली असेल तर मूळ पत्र नव्या ठिकाणी पाठवून एक प्रत जुन्या कार्यालयालाही द्यावी, कारण मार्गदर्शन त्या खुर्चीवरून झालं होतं आणि तिथं आता नवा माणूस बसलेला आहे. आधीच्यानं काय केलं होतं, हे त्याला त्या पत्रातूनच कळेल.

ज्या कंपन्यांनी आजवर दोन ओळींचं पत्र देऊन काम उरकलं असेल, त्यांनी पुन्हा एकदा बसावं. नोंदणीच्या वेळी काय काय अडलं होतं ते प्रवर्तकांनी आठवावं, प्रत्येक अडचणीपुढं ती कशी सुटली ते लिहावं आणि त्या यादीवरून नवं पत्र द्यावं. त्याची एक प्रत शेजारच्या गावातल्या नव्या गटालाही द्यावी, त्यांना नोंदणीची सुरुवात तिथूनच करता येईल.